सप्लायरचा खातेउतारा आणि आपले लेजर जुळत नाही तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींत छोट्या मशीनशॉपची खाती लिहिताना मला जे प्रश्न सारखे विचारले जातात, ते इथे घेतले आहेत. सगळीकडे एकच उदाहरण धरले आहे. एक मशीनशॉप एका फाउंड्रीकडून कास्टिंग घेते. ३० सप्टेंबर २०२५ रोजी फाउंड्रीच्या उताऱ्यात येणे ५,१९,१९० रुपये आहे. मशीनशॉपच्या लेजरमध्ये त्याच तारखेला देणे ३,५२,५४० रुपये आहे. फरक १,६६,६५० रुपयांचा. नावे देत नाही आणि आकडे सोपे केले आहेत, पण चुका सगळ्या नेहमीच्या आहेत.

सप्लायरकडून नेमके काय मागायचे?

"बॅलन्स किती?" असे फोनवर विचारू नका. फोनवर एक आकडा मिळतो, आणि एका आकड्यावरून फरक कुठे आहे ते कळत नाही. आरंभीची शिल्लक, प्रत्येक बिलाचा नंबर, तारीख आणि रक्कम, प्रत्येक जमा रकमेची तारीख आणि बँकेचा संदर्भ, डेबिट नोटा, क्रेडिट नोटा आणि अखेरची शिल्लक हे सगळे असलेला उतारा मागा. शक्यतो एक्सेलमध्ये मागा. पीडीएफ आले तरी चालते, फक्त टिका हाताने मारायची तयारी ठेवा.

उतारा किती मागचा हवा, हा पुढचा प्रश्न. दोन्ही बाजू शेवटच्या ज्या दिवशी जुळल्या होत्या, त्या दिवसापासूनचा. आमच्या उदाहरणात ३१ मार्च २०२५ ची शिल्लक दोन्हीकडे सारखी होती, म्हणून १ एप्रिलपासून सुरुवात केली. आरंभीची शिल्लकच जुळत नसेल, तर चालू वर्षातल्या बिलांवर टिका मारून काही हाती लागत नाही. आधी मागच्या वर्षात जावे लागते.

त्यांच्या उताऱ्यात बिले नावे बाजूला आणि आमच्याकडे जमा बाजूला दिसतात. हे चूक आहे का?

नाही. त्यांच्या वहीत आपण देणेकरी आहोत, म्हणून त्यांचे बिल आपल्या नावे पडते. आपल्या वहीत ते घेणेकरी आहेत, म्हणून तेच बिल त्यांच्या खाती जमा होते. पैसे दिले की नेमके उलटे होते. जुळवणी करताना त्यांची नावे बाजू आपल्या जमा बाजूशी लावा. एक्सेलमध्ये सुरुवातीलाच दोन्ही उताऱ्यांत 'बिल' आणि 'पेमेंट' असे दोन सरळ रकाने करून घेतले की हा गोंधळ राहत नाही.

टिका मारायला सुरुवात कुठून करायची?

बिलाच्या नंबरापासून. तारखेपासून नाही. समजा, फाउंड्रीने एखादे बिल १८ तारखेला केले, माल २० ला आला, आणि अकाउंटंटने नोंद २५ ला केली, तर टॅलीत २५ तारीख पडलेली असू शकते. बिलाचा नंबर मात्र बदलत नाही.

इथे बऱ्याच जणांची गाडी अडते, कारण टॅलीतला आपला व्हाउचर नंबर वेगळा आणि सप्लायरच्या बिलाचा नंबर वेगळा. खरेदीची नोंद करताना `Supplier Invoice No.` हा रकाना रिकामा सोडला असेल, तर जुळवायला हाती काहीच उरत नाही, आणि सहा महिन्यांची बिले फाइलमधून काढून नंबर भरत बसावे लागते. नंबर भरलेला असला तरी तो एकाच पद्धतीने भरलेला हवा. एका बिलाला `GF/25-26/1187` आणि दुसऱ्याला नुसते `1188` असे लिहिले, तर एक्सेलला ते सारखे वाटत नाहीत. जुळवणीपुरता शेवटचा आकडा वेगळ्या रकान्यात काढून घ्या.

मग दोन शीटमध्ये दोन उतारे ठेवा. दोन्ही शीटमध्ये बी रकान्यात नंबर आणि ई रकान्यात रक्कम असेल, तर सप्लायरच्या शीटवर हे सूत्र पुरते. इथे `Ledger` हे आपल्या लेजरच्या शीटचे नाव आहे.

```
=COUNTIFS(Ledger!$B:$B,$B2,Ledger!$E:$E,$E2)
```

उत्तर १ आले तर बिल जुळले. २ आले तर आपण तेच बिल दोनदा चढवले आहे. ० आले तर एकतर बिल आपल्याकडे नाही किंवा रक्कम वेगळी आहे. शून्यवाली बिले नुसत्या नंबरावर पुन्हा शोधली की त्यांत कुठले काय ते कळते. आमच्या उदाहरणात दोन शून्ये आली. एक बिल ११८७, ते आपल्याकडे नव्हतेच. दुसरे बिल १०४२, त्यांच्याकडे ४६,६१० रुपयांचे आणि आपल्याकडे ४६,१६० रुपयांचे.

४५० रुपयांसारखा किरकोळ फरक शोधत बसावे का?

या फरकाला ९ ने भाग जातो, आणि ही खूण ओळखीची आहे. शेजारशेजारचे दोन आकडे उलटे टाइप झाले की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. ४६,६१० ऐवजी ४६,१६० असेच झाले होते. मूळ बिल काढले : ३९,५०० रुपयांचा माल, १८ टक्के जीएसटी ७,११०, एकूण ४६,६१०. चूक आपली, नोंद दुरुस्त केली. जीएसटीची रक्कमही तेव्हाच तपासा, कारण एकूण आकडा चुकला असेल तर करही चुकीचा घेतला गेला असण्याची शक्यता असते.

एक-दोन रुपयांचे राउंड ऑफ मात्र एकत्र करून एकाच नोंदीने काढून टाका. त्यांच्यामागे दुपार घालवू नका.

बिल त्यांच्या उताऱ्यात आहे, आपल्याकडे नाही. माल आला होता की नाही हे कसे कळणार?

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो जायलाच हवा. उताऱ्यात बिल दिसले म्हणून ते चढवून टाकणे चूक आहे. तसेच आपल्याकडे नाही म्हणून ते नाकारणेही चूक. माल आपल्याला मिळाला याचा पुरावा आधी शोधायचा.

बिल ११८७ हे १८ ऑगस्टचे, ८०,००० अधिक १४,४०० जीएसटी, एकूण ९४,४०० रुपयांचे. स्टोअरच्या आवक नोंदवहीत १८ ते ३१ ऑगस्टच्या दरम्यान त्या वजनाचे कास्टिंग आल्याची नोंद नव्हती. गेटच्या रजिस्टरमध्ये गाडी नव्हती. ई-वे बिलावरून गाडीचा माग लागतो, पण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या आतल्या मालाला ते लागत नाही, म्हणून तेही नव्हते. एवढ्यावरून मालक म्हणाले, "माल आलाच नाही, बिल बोगस आहे."

मग ऑगस्टचे `GSTR-2B` उघडले. सप्लायरने आपल्या विवरणपत्रात आपला जीएसटी नंबर टाकून जी बिले दाखवली, ती सगळी दर महिन्याच्या १४ तारखेला या पत्रकात येतात. बिल ११८७ तिथे होते, म्हणजे फाउंड्रीने त्यावर सरकारला कर दाखवला होता. हा सप्लायरच्या बाजूचा भक्कम पुरावा झाला. माल मिळाल्याचा पुरावा मात्र अजून नव्हता.

तो मिळाला प्रॉडक्शनच्या माणसाकडे. ऑगस्टमध्ये ऑर्डर घाईची होती. म्हणून फाउंड्रीतून कास्टिंग आपल्या गेटवर न येता थेट बाहेरच्या जॉबवर्करकडे टर्निंगला गेले होते. चलनावर सही जॉबवर्करच्या माणसाची होती आणि बिलाची प्रत त्याच्याच फाइलमध्ये पडून होती. तयार झालेले पार्ट नंतर जॉबवर्करच्या चलनाने आपल्याकडे आले, तेव्हा स्टोअरने त्यांची नोंद 'जॉबवर्कवरून परत' अशी केली. कच्चा माल कधी आला हे कोणी विचारलेच नाही.

बिल खरे निघाले. जॉबवर्करच्या चलनाची प्रत लावून ते खरेदीत चढवले. जॉबवर्करकडे थेट गेलेल्या मालावरही आपल्याला कराचे क्रेडिट घेता येते, त्यामुळे १४,४०० रुपये हातचे गेले नाहीत.

बिले गहाळ होण्याची बाकी कारणे कोणती?

जास्तीत जास्त वेळा बिल आलेले असते, पण दुसऱ्याच पार्टीच्या खात्यावर पडलेले असते. एका घरच्या दोन फर्म असल्या, एक प्रोप्रायटरी आणि एक प्रायव्हेट लिमिटेड, की असे हमखास होते. म्हणून ते बिल नसेल असे ठरवण्याआधी टॅलीत त्याची रक्कम सगळ्या खात्यांत शोधा. महिनाअखेरीला निघालेला माल रस्त्यात असेल तर त्यांच्याकडे बिल ३० तारखेचे आणि आपल्याकडे पुढच्या महिन्याचे, हा नुसता वेळेचा फरक. तो कागदावर दाखवा, नोंद बदलू नका. आणि कधी बिल खरोखरच आपले नसते, दुसऱ्या गिऱ्हाइकाचे आपल्या नावे पडलेले असते. ते `2B` मध्येही दिसत असेल तर पोर्टलवर आलेली बिले मान्य किंवा अमान्य करायची `IMS` ही सोय आहे, तिथे ते नाकारा. तिथे काहीच केले नाही तर ते मान्य केल्यासारखे धरले जाते.

पेमेंट आपण केले, पण त्यांच्या उताऱ्यात नाही. काय करायचे?

२९ जुलैला मशीनशॉपने ६०,००० रुपये एनईएफटीने पाठवले. आपल्या बँकेच्या पासबुकात रक्कम गेलेली आहे, परत आलेली नाही. फाउंड्रीच्या उताऱ्यात ती कुठेच नाही.

"आम्ही पैसे पाठवलेत" एवढे सांगून समोरच्या अकाउंटंटला काही शोधता येत नाही. त्याच्या बँकेत त्या दिवशी वीस पार्ट्यांचे पैसे आलेले असतात. त्याला यूटीआर नंबर द्या. एनईएफटीचा १६ अक्षरांचा असतो, आरटीजीएसचा २२ अक्षरांचा. आयएमपीएस आणि यूपीआयला १२ अंकी संदर्भ असतो. सोबत आपल्या बँक उताऱ्याचे ते पान पाठवा. एवढे दिले की शोध पाच मिनिटांचा होतो.

इथे असे झाले होते की त्यांच्या बँकेच्या उताऱ्यात आपल्या फर्मचे नाव अर्धेच छापले गेले. पहिला शब्द सारखा असलेल्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या खात्यावर त्यांच्या माणसाने ती रक्कम जमा केली. ते गिऱ्हाईक गप्प राहिले, कारण त्याचे देणे कमी दिसत होते. ही दुरुस्ती सप्लायरच्या वहीत होते, आपल्या वहीत काहीही करायचे नाही. बाकी जुळवायची म्हणून आपलीच पेमेंटची नोंद काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. मग बँकेचे खाते जुळत नाही, आणि एकाची दोन दुखणी होतात.

चेक दिला असेल तर आधी तो वटला का ते बघा. २९ सप्टेंबरला दिलेला चेक त्यांच्याकडे ३ ऑक्टोबरला जमा झाला असेल, तर तोही नुसता वेळेचा फरक.

बाकी जुळते, पण पेंडिंग बिलांची यादी जुळत नाही. असे कसे?

पेमेंट खात्यावर पडले, पण कुठल्या बिलापोटी ते सांगितले नाही, म्हणून. टॅलीत पेमेंटची नोंद करताना `Agst Ref` निवडून बिल दाखवायचे असते. घाईत `On Account` ठेवून पुढे गेले की एकूण बाकी बरोबर कमी होते, पण बिल यादीत उघडेच राहते. `Display More Reports > Statements of Accounts > Outstandings > Ledger` इथे पार्टीचे खाते उघडा. खाली `On Account` अशी ओळ दिसली की समजा, पैसे गेलेत पण बिलाला लागलेले नाहीत. ही ओळ दिसण्यासाठी खात्याच्या मास्टरमध्ये `Maintain balances bill-by-bill` ला `Yes` हवे.

आमचे ते ६०,००० रुपये आपल्याच वहीत असे अधांतरी होते. खरे तर ते ११ जूनच्या बिल ९३४ पोटी दिले होते. बिल ५९,००० रुपयांचे, त्यात जीएसटी ९,०००. मालकांनी गोल रक्कम पाठवली, हजार रुपये पुढच्या बिलात धरायचे ठरले, आणि हे फक्त त्यांच्या डोक्यात राहिले.

परिणाम काय होतो ते बघा. यादीत बिल ९३४ जुने आणि थकलेले दिसते. पुढच्या महिन्यात कोणीतरी ते पुन्हा भरते. किंवा बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत सप्लायरला पैसे दिले नाहीत तर घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते, तो हिशेब या यादीवरून केला जातो. ११ जूनपासून १८० दिवस ८ डिसेंबरला पूर्ण होतात. भरलेल्या बिलावरचे ९,००० रुपयांचे क्रेडिट आपण उगाच परत केले असते. सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. ती मुदतही बिलागणिकच मोजतात.

दुरुस्ती सोपी आहे. पेमेंटचे व्हाउचर उघडा, `On Account` काढा, ५९,००० बिल ९३४ ला आणि १,००० पुढच्या बिलाला लावा. एकूण बाकी एका रुपयानेही बदलणार नाही. बदलली तर काहीतरी चुकले.

पैसे कुठल्या बिलाला लावायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

पैसे देणाऱ्याचा, पण त्याने ते देताना सांगितले तर. भारतीय करार कायदा, १८७२ मधली कलमे ५९ ते ६१ याबद्दलच आहेत. देणेकऱ्याने सांगितले असेल, किंवा परिस्थितीवरून उघड असेल, तर घेणाऱ्याने पैसे स्वीकारले की ते त्याच देण्याला लावायचे. सांगितले नाही तर घेणारा आपल्या मर्जीने लावू शकतो. दोघांनीही काही केले नाही, तर जुन्या देण्यापासून क्रमाने.

व्यवहारात याचा फायदा असा की एखाद्या बिलावर भांडण चालू असेल, खराब माल आला म्हणून ते आपण अडवून ठेवले असेल, तर गोल रक्कम पाठवून गप्प बसू नका. सप्लायर ती त्याच वादाच्या बिलाला लावेल आणि ते बिल चुकते झाले म्हणेल. पेमेंट केले त्याच दिवशी बिलांचे नंबर आणि रकमा लिहून व्हॉट्सअॅप किंवा मेल करा. दोन ओळी पुरतात.

आपण डेबिट नोट काढली, त्यांनी ती धरली नाही. आता?

उदाहरणातला शेवटचा फरक हाच. पाच कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघाले, ती परत पाठवली, आणि १०,००० अधिक जीएसटी १,८०० अशी ११,८०० रुपयांची डेबिट नोट आपण टाकली. त्यांच्या उताऱ्यात ती नव्हती.

आपण आपल्या वहीत नोंद केली म्हणून सप्लायरचे येणे कमी होत नाही. त्याने मान्य करून क्रेडिट नोट द्यायला हवी. ती त्याच्या विवरणपत्रात गेली की आपल्या `2B` मध्ये येते, आणि आपण तेवढे क्रेडिट कमी करायचे. परतीच्या चलनावर त्यांच्या माणसाची सही आहे का, ते आधी बघा. सही असेल तर काम सोपे. नसेल, आणि ते म्हणत असतील की दोष मशीनिंगमध्ये आला, तर ही रक्कम जुळलेली धरू नका. 'वादातली' म्हणून वेगळी दाखवा. आमच्याकडे सही होती आणि फाउंड्रीने मान्य केले.

सगळे सापडल्यावर शेवटचा कागद कसा दिसतो?

दोन्ही शिलका वेगवेगळ्या दुरुस्त करून एकाच आकड्यावर यायला हव्यात. एकीतून दुसरी वजा करून फरकाची यादी लावली, तर कोणी काय दुरुस्त करायचे ते कळत नाही.

| | आपले लेजर | त्यांचा उतारा |
|---|---|---|
| ३० सप्टेंबरची बाकी | ३,५२,५४० | ५,१९,१९० |
| बिल ११८७ चढवायचे राहिले | + ९४,४०० | |
| बिल १०४२ कमी रकमेने चढले | + ४५० | |
| २९ जुलैचे पेमेंट दुसऱ्याच्या खाती | | − ६०,००० |
| डेबिट नोट धरली नाही | | − ११,८०० |
| दुरुस्त बाकी | ४,४७,३९० | ४,४७,३९० |

डावीकडची कामे आपली, उजवीकडची त्यांची. उजवा रकाना पुराव्यांसह त्यांना पाठवायचा.

बाकी पहिल्यापासूनच जुळत असेल तर बिले तपासायची गरज आहे का?

आहे. माझ्याकडूनच हे एकदा झाले आहे. एका वर्कशॉपची आणि त्याच्या टूल सप्लायरची बाकी अगदी रुपयाला रुपया जुळली, मी टिका मारल्या नाहीत. पुढच्या वर्षाच्या शेवटी कळले की मालकांनी २३,६०० रुपयांची एक खरेदी स्वतःच्या यूपीआयवरून भरली होती. बिलही ऑफिसात आले नाही आणि पेमेंटही बँकेच्या खात्यात दिसले नाही. दोन्ही नोंदी गायब, म्हणून बाकी जुळली. तोवर ३० नोव्हेंबर उलटून गेला होता. मागच्या आर्थिक वर्षातल्या बिलाचे क्रेडिट पुढच्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरनंतर घेता येत नाही, आणि वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले असेल तर ते भरल्यानंतरही नाही. ३,६०० रुपये गेले. मला ते मालकांना तोंडाने सांगावे लागले, आणि तेव्हापासून बाकी जुळली तरी मी बिले मोजतो.

सप्लायर बॅलन्स कन्फर्मेशनवर सही मागतो. करावी का?

जुळवणी झाल्यावर करावी, आधी नाही. मुदत कायदा, १९६३ च्या कलम १८ प्रमाणे, देणे मुदतबाह्य होण्याआधी ते मान्य असल्याची लेखी सही दिली तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. ३० सप्टेंबरला ५,१९,१९० च्या कागदावर सही केली असती, तर आपले देणे नसलेले ७१,८०० रुपयेही स्वतःच्या सहीने मान्य केले असते. कागद आधीच आला असेल, तर त्यावर आपली बाकी आणि फरकाच्या ओळी लिहून, 'आमच्या वहीप्रमाणे' असे नमूद करून सही करा.

त्यांनी चूक मान्य केली, पण उतारा तसाच येत राहिला तर?

'करतो' या शब्दावर फाइल बंद करू नका. पुढचा उतारा मागवा आणि त्यात फक्त त्या दोन ओळी बघा. आमच्या उदाहरणात ६०,००० ची दुरुस्ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. क्रेडिट नोट त्यांनी ऑक्टोबरमध्ये काढली, म्हणून ती १४ नोव्हेंबरच्या `2B` मध्ये आली. तोवर ११,८०० रुपये ऑक्टोबरच्या जुळवणीत जुना फरक म्हणून पुढे ओढले. आणि प्रॉडक्शनच्या माणसाला सांगून ठेवले : माल थेट जॉबवर्करकडे गेला तर बिलाचा फोटो त्याच दिवशी अकाउंट्सला पाठवायचा.